तीन गाठी कमी, आणि एलसीचे पैसे अडकले

आमची जिनिंग यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आहे. मागच्या मार्चमध्ये बांगलादेशातल्या एका सूतगिरणीला 600 रुईगाठी पाठवल्या. पाठवल्या म्हणजे 597. त्या तीन गाठींवरून जे झालं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

कंटेनर भरायच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी तीन गाठींच्या कडा ओल्या दिसल्या. ओली रुई आत जाऊ द्यायची नाही, हा माझ्या वडिलांपासूनचा नियम, म्हणून त्या बाजूला काढल्या. चौथ्या कंटेनरमध्ये 150 ऐवजी 147 गेल्या. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, जहाज कंपनीची मालाची पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग, सगळीकडे 597 खरं खरं लिहिलं आणि पैसेही तेवढ्याचेच मागितले. यात चूक ती काय, असं मला वाटलं.

सौदा एलसीवर होता. एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी, तिच्यात लिहिल्याप्रमाणे कागद दिले की ती बँक पैसे देते. नागपूरच्या बँकेतल्या मॅडमनी एलसीचा मजकूर समोर धरला. `45A` या रकान्यात मालाचं वर्णन असतं, तिथे `600 BALES` लिहिलेलं होतं. "भाऊ, हे कमी पडतंय. तिकडची बँक पैसे थांबवणार."

मी वाद घातला. पाच टक्के कमी-जास्त चालतं, हे मला आमचं कस्टम्सचं काम पाहणाऱ्या सीएचएने, म्हणजे एजंटाने सांगितलं होतं, आणि तीन गाठी म्हणजे तर अर्धाच टक्का. मॅडमनी यूसीपी 600 चं कलम 30 काढून दाखवलं. एलसीवर जगभरच्या बँका ज्या नियमांनी चालतात, ते हे. पाच टक्क्यांची सूट आहे, पण एलसीत माल नुसत्या वजनात लिहिला असेल तरच. गाठी, पोती, पेट्या असा नग मोजून आकडा दिला असेल तर ती सूट मिळत नाही. तुकड्यातुकड्याने माल पाठवायची मुभा असती तरी निभावलं असतं, 597 हा पहिला तुकडा धरला गेला असता. आमच्या एलसीत ती मुभाही नव्हती.

"पण माल चांगला आहे ना जी! ओल्या गाठी मीच काढल्या," मी म्हणालो.

"आम्ही कापूस पाहतच नाही, भाऊ. कागद पाहतो."

हे मला फार लागलं. पण बँकेचं काम तेवढंच आहे. कलम 5 तसंच सांगतं.

कागद बुधवारी ढाक्याला पोचले. तपासायला बँकेला पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामाचे पाच दिवस मिळतात, आणि तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी. पुढच्या बुधवारी, नेमक्या पाचव्या दिवशी, नकार आला. सहावा उजाडला असता तर कमतरता दाखवायचा त्यांचा हक्कच संपला असता. मी रोज बोटांवर दिवस मोजत होतो.

नकारात दोन दोष होते. दुसरा म्हणजे उत्पत्तीच्या दाखल्यावर आमच्या गावाच्या नावात एक अक्षर वेगळं पडलं होतं. त्यावर आमच्या बँकेने उलट कळवलं की पत्ता तंतोतंत जुळावा लागत नाही, देश तोच असला की पुरे. आणि ज्या टायपिंगच्या चुकीने अर्थ बदलत नाही ती दोष ठरत नाही. तो दोष गळाला. एरवी चुकलेला कागद मुदतीत दुरुस्त करून परत देता येतो. पण जहाज निघून गेलं होतं. 597 चे 600 कुठून करणार?

आता सगळं खरेदीदाराच्या हातात गेलं. त्याने दोष मान्य केला तरच पैसे मिळणार. कंटेनर चट्टोग्राम बंदरात पोचलेले, भाडं चढत चाललेलं, बाजार उतरलेला. नऊ दिवसांनी तो राजी झाला, पण रुईच्या दर पौंड वजनामागे एक सेंट कमी देऊन. म्हणजे सुमारे 2,237 डॉलर गेले, आणि बँकेने दोषापायी 80 डॉलर कापले ते वेगळे. त्या तीन गाठींची किंमत हजार डॉलरही नव्हती.

एक सांगायचं राहिलं. गाठी काढल्या त्याच सकाळी, कंटेनरला सील लागण्याआधी, मी खरेदीदाराला फोन करून एलसीत दुरुस्ती मागायला हवी होती. आकड्याआधी `ABOUT` एवढा शब्द असता तरी दहा टक्के इकडेतिकडे चाललं असतं. वाढीव माल जायचा असेल तर मात्र रकमेतही तशी जागा ठेवून घ्या, नाहीतर जास्तीच्या मालाचे पैसे एलसीतून निघत नाहीत.

आता नवा एलसी आला की सौदा ज्या भावात ठरला ते मी नंतर बघतो. आधी `45A` उघडतो आणि गाठींचा आकडा आहे का ते पाहतो. असला तर माल जिनिंगमधून हलत नाही, दुरुस्ती येईपर्यंत. गेल्या महिन्यात एका खरेदीदाराने त्यासाठी सहा दिवस लावले. मी थांबलो.