बरोबरची खूण

मंगळवार, रात्री साडेअकरा

तीन आठवड्यांचं काम आज दुपारी चुकीचं निघालं. जेवण गेलं नाही. आईला सांगितलं नाही, दादाला फोन केला पण तो मीटिंगमध्ये होता. आता लिहून बघते, नाहीतर झोप यायची नाही.

बाबा डॉक्टर होते. विंचू चावलेल्या रुग्णांच्या त्यांच्या वह्या अकरा. बाकीच्या वह्यांत तापापासून बाळंतपणापर्यंत सगळं आहे, पण या अकरा त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या, खाकी कव्हर घालून. त्यांची एकच नीट वाचता येईल अशी नोंद करायची, असं मी वर्षश्राद्धाला ठरवलं. पद्धतही नीट होती. आधी प्रत्येक वहीला नि पानाला पेन्सिलीने नंबर, मग सगळी पानं जशीच्या तशी स्कॅन, आणि मगच एक्सेलमध्ये उतरवणं. तारीख, गाव, वय, चावल्यापासून किती वेळाने आणलं, नाडी, बीपी, पाय कुठवर गार, औषध, शेवट. नावं उतरवली नाहीत, फक्त क्रमांक दिले.

शेवटच्या रकान्यात बाबांची बरोबरची खूण असायची. ती दिसली की मी 'बरा' लिहायचे. कितीतरी ओळी अशा पटापट झाल्या. तेव्हा बरंही वाटायचं.

आज १९८१ ची वही लागली. मे महिना, मुलगा, वय ८, जळणाच्या मोळीतून चावला. रात्री अकराला डोलीतून आणला. घाम, उलट्या, लाळ, पाय गुडघ्यापर्यंत गार, नाडी १५०. ॲट्रोपिन दिलं. दोन वाजता खोकला, तोंडाला गुलाबी फेस. पुढे काही नाही, आणि रकान्यात बरोबरची खूण.

तो मुलगा गेला होता. मला माहीत आहे. मी नऊ वर्षांची होते, पडवीत झोपले होते आणि त्या बाईच्या आवाजाने उठले होते. सकाळी बाबा विहिरीवर हात धूत होते, धूतच होते. ते असो.

म्हणजे ती खूण 'बरा' नव्हतीच.

मग जुन्या कंपाउंडर काकांना फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं, दोनदा ओरडून विचारलं. म्हणाले, "बाय, ती खूण बरा झाल्याची नाय. डाक्टर मागनं त्याच्या घरी जाऊन आले की मारायचे. बरा असो, नायतर नसो."

वही पुन्हा उघडली. नोंद निळ्या शाईत, खूण काळ्या. इतकं उघड होतं! पण मी फाइल लहान व्हावी म्हणून सगळं काळं-पांढरं स्कॅन केलं होतं, आणि उतरवताना मूळ वही न बघता स्क्रीनवरच वाचत होते. दोन शाया आहेत हे त्यात दिसणार कसं?

खूप चिडले. इथे मीच एकटी का बसलेय, डोळे फोडून घेत, असंही मनात आलं. वाळवीने खाल्लेले कोपरे मी चिकटवायचे, पावसात फुटलेली अक्षरं मी लावायची, आणि दादा विचारणार, "झालं का?" पण खरं सलतंय ते हे नाही. मी बाबांच्या वतीने सगळ्यांना बरं करून टाकलं. त्यांनी कुठेही तसं लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी पुन्हा वह्या घेऊन बसले. खूण बाजूला ठेवली, तर शेवट कशावरून कळणार? नोंदीतूनच. आणि तिथे १९८१ आणि १९८८ या दोन वेगळ्याच माणसांच्या वह्या वाटतात.

लाल विंचवाच्या विषाने अंगातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार, बीपी वर, हृदयावर ताण आणि शेवटी फुफ्फुसात पाणी. घाम आणि लाळ थांबावी म्हणून तेव्हा ॲट्रोपिन द्यायचे, पण त्याने आधीच धावणारी नाडी आणखी पळते. बाबांनी दिलं, कारण देत असत. महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचवाच्या रुग्णांवर काम करत होते. प्राझोसिनबद्दल त्यांचं टिपण १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. प्राझोसिन आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. त्यानंतर बाबांच्या वहीतून ॲट्रोपिन गेलं आणि 'अर्धी' हा शब्द आला. अर्धी म्हणजे एक मिलिग्रॅमची गोळी अर्धी. मुलांना पाव.

१९८८, ऑक्टोबर. बाई, वय ३५, पेंढा उचलताना बोटाला. बाबांनी लिहिलंय, 'ठणका कमी, घाम फार', आणि खाली दोन रेघा. ठणक्याने ओरडणारा बहुतेक वेळा सुटतो, ठणका नसून घामाने भिजलेला असेल त्याच्याजवळून हलायचं नाही, हे ते आम्हाला जेवतानाही सांगायचे. बीपी १६०/११०, पाय गुडघ्यापर्यंत गार. रात्री आठला अर्धी. 'उठवू नका, लघवीलाही नाही', कारण गोळीनंतर एकदम उभं केलं तर बीपी कोसळतं. अकराला पाय घोट्यापर्यंत गार, अर्धी. दोनला बोटं गार, अर्धी. पाचला 'पा. ग.'

या 'पा. ग.' वर मी परवा अडले होते. पाय गार की पाय गरम? आज कळलं. गार असेल तिथे ते कुठवर ते लिहितात, गुडघा, घोटा, बोटं. नुसतं 'पा. ग.' असेल तर पाय गरम झालेले, आणि त्यापुढे कधीच गोळी नाही. सहा नोंदींवर ताडून पाहिलं, सहाही जुळल्या.

आठ, अकरा, दोन, पाच. दर तीन तासांनी उठून त्यांनी परक्या माणसांचे तळवे हातात धरले होते. आम्हाला वाटायचं, बाबांना झोपच कमी.

आता तीन रकाने केलेत. बाबांनी लिहिलं ते जसंच्या तसं, मी लावलेला अर्थ, आणि कशावरून लावला. 'पा. ग.' असेल तिथे 'पाय गरम झाले' एवढंच लिहायचं, बरा नाही. घरी गेल्यावर काय झालं ते वहीत नाही. जिथे काहीच नाही तिथे 'नोंद नाही'. अशा ओळी पुष्कळ होणार. होऊ देत. त्यांच्या रकान्यात त्यांनी मोकळं सोडलेलं मी भरणार नाही. रंगीत स्कॅन उद्यापासून, पहिल्या वहीपासून. आणखी महिना जाईल, जाऊ दे. सकाळी आई चहा घेऊन येईल तेव्हा तिला सांगेन, तिला त्या मुलाची आई माहीत असेल.

दादाचा फोन आत्ता आला. त्याला १९८१ ची नोंद वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ते ॲट्रोपिन काढून टाक ना, लोक वाचतील. मी नाही म्हटलं. भांडण झालं नाही, नुसताच ठेवला फोन.

झोपायच्या आधी ती ओळ तेवढी पुरी केली. औषध : ॲट्रोपिन. शेवट : गेला. कशावरून : माझी आठवण. खूण : नंतर काळ्या शाईत, डॉक्टर घरी जाऊन आले.