पाळधी आलं की कळतं

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असा शाळेचा फोन आला. चार ओळी कशावर लिहायच्या म्हटलं तर मला आठवतो तो संगीताच्या वर्गातल्या पेटीचा भाता. बाकी वर्ग, बाकी सर-बाई माफ करतील.

मी आठवीत होतो. आवाज फुटलेला, म्हणून समूहगीतातून माझी हकालपट्टी झाली आणि सरांनी मला भात्यावर बसवलं. सरांना दोन्ही हात मोकळे हवे असत. उजव्याने चाल आणि डाव्याने कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर. कॉर्डचं हे खूळ त्यांना भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, तिथल्या गिटारवाल्यांच्या संगतीत लागलं होतं.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत सरांनी स्वतः बांधलं. धृपद मुलांचं, पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी 'सा' धरून. अंतरा मुलींचा, पांढरी पाचमध्ये, कारण मुलांच्या पट्टीत मुलींचा आवाज खाली बसत होता. पहिल्या तालमीत सर धृपद संपवून थांबले आणि एकदम पांढरी पाच दाबली. मुली सुरू झाल्या त्या जुन्याच 'सा'वरून. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "काय व्हयनं सर?" सर हसले नाहीत. पेटी बंद करून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मधे केरव्याची दोन आवर्तनं घातली, सोळा मात्रा. दर चार मात्रांना एक कॉर्ड. भात्यावर बसून मी त्यांची बोटंच बघत होतो. पहिली सा-ग-प. मग पंचमावरचं बोट धैवतावर सरकलं, बाकी दोन जागच्या जागी. ही सा-ग-ध. तिसऱ्या कॉर्डला सा आणि ध तसेच, गंधार सुटला आणि त्याच्या जागी रे आणि तीव्र मध्यम आले. शेवटी तीव्र मध्यम पंचमावर चढला, सा निषादावर उतरला, रे हलला नाही, आणि मुलींचा नवा 'सा' समोर उभा राहिला. कुठे उडी नाही. त्या दिवशी सगळ्या मुली बरोबर सुरू झाल्या, न शिकवता.

मी विचारलं, पट्टी नक्की बदलली कुठे? सर म्हणाले, "भुसावळहून गाडीत बसलास. जळगाव आलं. स्टेशन मुंबईच्या लाइनीवरही आहे आणि सुरतेच्याही. तिथे उभा आहेस तोवर सांगता येईल कुठे चाललास? सुरतेच्या लाइनीवरचं पाळधी आलं की कळतं." सा-ग-ध हे जळगाव. जुन्या पट्टीत ती सहाव्या सुरावरची कॉर्ड, नव्या पट्टीत दुसऱ्या सुरावरची, आणि दोन्हीकडे घरचीच. तीव्र मध्यम हे पाळधी, कारण या दोन पट्ट्यांत फरक तेवढ्या एकाच सुराचा. सरांनी शुद्ध मध्यम ठेवून तीच जागा वाजवून दाखवली. शेवटची कॉर्ड तीच होती, तरी कान म्हणत होता, आता परत पांढरी एकला जायचं. पाळधी आलंच नव्हतं.

तरी रंगीत तालमीत पुन्हा घोळ झाला. या खेपेला तंबोऱ्यामुळे. तंबोरा जुना सा-प धरून बसला होता, आणि त्याच्यावर मुलींचा अंतरा नव्या पट्टीतला न वाटता सरळ यमन वाटायला लागला. सूर तेच, पण जुना 'सा' कानातून जाईना. मग तंबोरा धरणाऱ्या मुलीला सरांनी खूण ठरवून दिली, धैवतावर बोट गेलं की तारांवर हात ठेवायचा. धृपदाकडे परतणं मात्र सोपं होतं. मुलींच्या 'सा'च्या कॉर्डमध्येच जुना शुद्ध मध्यम मिसळला की मुलं आपोआप घरी येत.

अशा कॉर्डला पिव्होट कॉर्ड म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. आज माझा ऑर्केस्ट्रा आहे, धुळे-नंदुरबारच्या लग्नसराईत आम्हाला फुरसत नसते. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे. शेवटच्या कडव्याला पोरं ते दाबतात आणि गाणं अर्धा सूर वर जातं. पांढरी एक आणि काळी एक यांच्यात सामाईक कॉर्ड एकही नाही, त्यामुळे तिथे जळगाव स्टेशनच नाही, नुसता धक्का. लोक टाळ्या वाजवतात. पांढरी एकवरून दोनवर जायचं तर निदान दोन कॉर्ड सामाईक सापडतात, पण शोधतो कोण.

मागच्या संमेलनाला आलो होतो. स्वागतगीत पेनड्राइव्हवरून वाजलं. मुलं-मुली एकाच पट्टीत, मुली पुन्हा खाली घोगऱ्या. पेटी कपाटावर होती. उतरवून बघितली, भाता अजून हवा धरतो. पांढरी एकच्या सप्तकातली तिसरी काळी तेवढी दाबलीच जात नाही.