आठाच्या पटीतलं अंतर आणि मराठीची ओळ

आमचं दूध संकलनाचं ॲप. केंद्रावरचा माणूस त्यात लिटर, फॅट आणि दर भरतो, शेतकरी आपलं बिल बघतो. पडदे तीन डिझायनर करतात आणि त्या कामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. पडद्यावरच्या गोष्टींमध्ये सोडायचं अंतर प्रत्येकाचं वेगळं झालं होतं: कुठे ५, कुठे ७, कुठे ११. म्हणून मी टीमसाठी एक टिपण लिहिलं: सगळी अंतरं ८ च्या पटीत, अगदी आतल्या बारीक जागांसाठी ४ च्या, आणि अक्षरांचे आकार ठरलेले पाचच.

आठच का, हे मी सुरुवातीलाच लिहिलं. आमच्या शेतकऱ्यांकडे जुने, स्वस्त अँड्रॉइड फोन बरेच आहेत. अँड्रॉइडवर ही मापं डीपी या एककात देतात, आणि त्यातल्या काहींच्या पडद्यावर एक डीपी म्हणजे दीड पिक्सेल. तिथे ५ डीपीचे साडेसात पिक्सेल होतात. अर्धा पिक्सेल दाखवता येत नाही, त्यामुळे फोन तो कुठेतरी ढकलतो. एका ओळीखालची फट दुसरीपेक्षा जाड दिसते, रेघ पुसट होते. ८ चे मात्र १२ होतात, ४ चे ६. दुप्पट, तिप्पट घनतेवरही हिशेब पूर्णांकातच राहतो.

मग यादीतली एक ओळ उदाहरणादाखल मांडली. आधी ती अशी होती: वर १० जागा, नावाची ओळ १८, मध्ये ५, तारखेची ओळ १७, खाली ११. एकूण ६१. माझ्या प्रस्तावात १२, २४, ४, २० आणि १२, म्हणजे ७२.

दुसऱ्याच दिवशी आमच्यातली सर्वांत नवी डिझायनर फोन घेऊन माझ्याकडे आली. "ताई, हे इंग्रजीत छान बसतं. मराठीत लांब नाव दोन ओळींवर गेलं की बघा." तिने पडद्यावर एका संस्थेचं लांबलचक नाव टाकलं होतं. पहिल्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफार-वेलांटीला टेकत होता. तिचं म्हणणं रास्त होतं. १६ च्या अक्षराला २४ ची ओळ हे प्रमाण मी रोमन लिपीवरून उचललं होतं. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वरही जागा लागते आणि खालीही. 'वर्षांपूर्वींच्या' हा एकच शब्द लिहून बघा: रफार, अनुस्वार, दीर्घ वेलांटी सगळं वर, आणि 'पू'चा ऊकार खाली.

म्हणून अक्षरांची मापं मी पुन्हा लिहिली. १४ ला २४ ची ओळ, १६ ला २८, २० ला ३२, २४ ला ४० आणि ३२ ला ४८. बारा टिपणातून काढूनच टाकलं. त्या आकारात जोडाक्षराचा उकार आमच्या फोनवर ओळखू येत नव्हता. २८ हा आठाच्या पटीत नाही, चाराच्या आहे, आणि ओळीच्या उंचीसाठी ते चालेल असं मी स्पष्ट लिहिलं. यादीतली ओळ आता १२, २८, ४, २४, १२, म्हणजे ८० झाली.

यावर दुसरी अडचण आली, आणि तीही खरी. ३६० बाय ६४० च्या फोनवर वरच्या-खालच्या पट्ट्या वगळून यादीला ५०४ उरतात. तिथे पूर्वी आठ नावं दिसायची, आता सहाच. शेतकऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण सकाळी रांग लागलेली असताना केंद्रावरच्या माणसाला पडतो. त्याच्यासाठी वेगळी ओळ केली: फक्त नाव आणि लिटर, किमान उंची ४८, मजकूर मधोमध. दहा पूर्ण नावं बसतात आणि अकरावं अर्धं दिसतं, त्यावरून खाली आणखी नावं आहेत हेही कळतं. अठ्ठेचाळीसच्या खाली जायचं नाही, कारण बोटाने नेमकं दाबायला अँड्रॉइडवर तेवढी जागा धरतात.

'किमान' हा शब्द मी मुद्दाम ठळक केला. अनेक जण फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवतात. उंची पक्की बांधली तर त्यांच्या फोनवर वेलांट्या कापल्या जातात. तिथे ओळ वाढू द्यायची, मग एकूण उंची आठाच्या पटीत राहिली नाही तरी चालेल.

टिपण सगळ्यांनी मान्य केलं, तरी पुढच्या फायलींत १० आणि २० येतच राहिले. कारण शोधायला मी एकीशेजारी बसले. ती शिफ्ट दाबून बाणाच्या कळीने चौकट सरकवत होती, आणि आम्ही पडदे ज्यात आखतो त्या फिग्मात तो सरक मुळात १० चा असतो. Preferences मध्ये Nudge amount उघडून तिथे तिघांनीही ८ केला. टिपणात ती ओळ आता सगळ्यात वर आहे.