पाचनंतर परत एक

“अहो, विषयपत्रिकेत पाचनंतर परत एक कसा आला? आणि खाली सूचना एकऐवजी नऊपासून का सुरू होतात?”

माझं टायपिंगचं दुकान नौपाड्यात आहे. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात, त्यामुळे ऑगस्ट उजाडला की सचिव मंडळी पेन ड्राइव्ह घेऊन येतात आणि हेच विचारतात.

यादीतला आकडा तुम्ही टाइप केलेला नसतो. ‘हा परिच्छेद अमुक यादीचा’ एवढीच नोंद वर्ड ठेवतं आणि मोजून आकडा दाखवतं. मधे कोष्टक आलं, दोन पानं गेली, तरी यादी तीच असेल तर मोजणी पुढे चालूच राहते. शेजारी बसलेला परिच्छेद दुसऱ्या यादीचा असेल, तर त्याची मोजणी वेगळी.

परवाच्या नोटिशीत नऊ विषय होते. ऑडिटर नेमणुकीचा सहावा विषय गेल्या वर्षीच्या फाइलमधून आणून चिकटवलेला. तो येताना आपली यादी घेऊन आला, म्हणून १. त्याच्या खालचे विषय मात्र मूळ यादीतच होते, म्हणून ते ६, ७, ८. आकड्यावर एकदा क्लिक करा: त्या यादीचे सगळे आकडे करडे होतात. इथे तो १ एकटाच करडा झाला, म्हणजे परका कोण ते कळलं.

बरेच जण इथे राइट-क्लिक करून Set Numbering Value मध्ये ६ घालतात. लगेच खालच्या विषयाचाही ६ आहे हे दिसतं, मग तिथे ७ घालतात, आणि कागद दिसायला ठीक होतो. पण यादीचे आता तीन तुकडे झालेले असतात. अध्यक्षांनी आयत्या वेळी वर एक विषय घातला की दोन सहा आलेच. हा उपाय मला अजिबात पटत नाही.

त्याऐवजी त्या १ वर राइट-क्लिक करून Continue Numbering घ्या. तो मूळ यादीत सामील होतो आणि खालचे ७, ८, ९ आपोआप होतात. समास हलला किंवा तो विषय भलत्याच यादीला जोडला गेला, तर पाचव्या विषयात कर्सर ठेवा, Format Painter दाबा आणि सहावा परिच्छेद शेवटापर्यंत रंगवा. पाचव्याची यादी आणि समास दोन्ही त्याला मिळतात.

सूचनांचं उलटं आहे. त्या विषयपत्रिकेच्याच यादीत शिरल्यात, म्हणून नऊपासून, आणि वरची दुरुस्ती झाल्यावर दहापासून. तिथे पहिल्या सूचनेच्या आकड्यावर राइट-क्लिक करून Restart at 1 घ्या. बाकीच्या सूचना तिच्यामागून येतात.