दुकान वाढवताना लिहायची पाटी

‘दुकान वाढवणे’ हा व्यापाऱ्यांचा जुना शब्द. बंद म्हणू नये म्हणून वाढवले म्हणायचे. पाटीवर मात्र हा शब्द चालत नाही. ‘दुकान वाढवत आहोत’ असे लिहिले तर निम्मे लोक समजतील की शेजारचा गाळाही घेतला. म्हणून आमच्या चपला-बुटांच्या दुकानाच्या वाटचालीतली शेवटची पाटी अगदी सरळ सुरू होते: ‘दुकान रविवार, 31 मे रोजी रात्री कायमचे बंद होत आहे. गाळ्याचा करार संपतो आहे.’

कारण एका वाक्यात द्यावे आणि तिथेच थांबावे. ते दिले नाही तर ‘बुडाले वाटतं’ असे लोक आपणच ठरवतात. लांबवले तर पाटी गाऱ्हाण्यासारखी वाचली जाते. शिवाय ती फक्त गिऱ्हाईक वाचत नाही. ज्यांचे बिल अजून द्यायचे आहे ते घाऊक व्यापारीही वाचतात. ‘मिळेल त्या किमतीत’ किंवा ‘फेकून देण्याच्या भावात’ असे शब्द दिसले की त्यांचे फोन सुरू होतात. समोरचे गिऱ्हाईकही लिहिलेल्या किमतीवर घासाघीस करू लागते, कारण पाटीनेच त्याला तसे सांगितलेले असते.

तारीख ठरवताना करार कधी संपतो ते पाहून त्याच्या दोन आठवडे आधीची धरावी. करार 15 जूनला संपत असेल तर विक्री 31 मे रोजी थांबली पाहिजे. रॅक उतरवणे, उरलेला माल उचलणे, मीटरचे शेवटचे रीडिंग आणि गाळा रिकामा करून देणे याला तेवढे दिवस लागतातच. विक्री कराराच्या शेवटच्या दिवसापर्यंत ताणायचा बेत केला की बहुधा ‘लोकाग्रहास्तव मुदत वाढवली’ ही चिठ्ठी लावावी लागते, आणि त्या चिठ्ठीनंतर पाटीवरच्या कुठल्याच शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. वर्षभर ‘शेवटचे 3 दिवस’ लावणारी दुकाने सगळ्यांनी पाहिलेली आहेत. ऑनलाइन विक्रीत तर अशी खोटी निकड दाखवणे हा ग्राहकाला फसवण्याचा प्रकार म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत नमूदच आहे.

पाटी लिहिण्याआधी मोजणी करावी लागते, आणि चपलांच्या धंद्यात ती नंबरवार. आमच्याकडे एकूण 612 जोड निघाले. त्यांत जेंट्स 340, लेडीज 190 आणि मुलांचे 82. जेंट्समध्ये 7, 8 आणि 9 हे नंबर आधी उडतात, 6 आणि 10 मागे राहतात. आमच्या 340 पैकी 145 जोड याच दोन नंबरांचे होते. म्हणजे ‘600 जोड शिल्लक’ हे वाक्य खरे असले तरी 8 नंबरवाल्याच्या उपयोगाचे नाही. तो लांबून येईल, त्याच्या मापाचे चारच डिझाइन पाहील आणि चिडून जाईल. नुसते ‘स्टॉक मर्यादित’ तर काहीच सांगत नाही.

यावर आमचा उपाय असा: छापील फ्लेक्सवर न बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे तारीख, किंमत आणि बदलून देण्याची अट. बदलणारे आकडे दारातल्या काळ्या फळ्यावर खडूने. रोज रात्री मोजून ‘जेंट्स 8 नंबर: 41 जोड’ असे लिहायचे आणि तेच व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायचे. दुसऱ्या दिवशी 41 चे 33 झालेले लोक स्वतः पाहतात. त्यापुढे ‘त्वरा करा’ लिहायची गरज उरत नाही. आकडा मात्र कधी फुगवू नये आणि कधी मुद्दाम कमीही दाखवू नये. ‘शेवटचे 5’ म्हणून आतून सहावा काढला की संपले.

किमतीत सगळ्यात जास्त फसवणारा शब्द म्हणजे ‘पर्यंत’. ‘50% पर्यंत सूट’मधला आकडा हातभर आणि ‘पर्यंत’ बोटभर. आम्ही तो शब्दच टाळला. 1,200 रुपये एमआरपीचा जोड घ्या, आमची खरेदी 760. 30% सूट दिली तर 840 येतात, म्हणजे खर्च धरूनही फार बुडत नाही. निम्म्या किमतीला 600 येतात आणि जोडामागे 160 जातात. मागे राहणाऱ्या नंबरांवर हा तोटा परवडतो, कारण शेवटी लॉट उचलणारा व्यापारी सरसकट भाव देतो, त्याला बूट आणि स्लिपर सारखीच. म्हणून ओळ अशी झाली: ‘जेंट्स 6 व 10 नंबर निम्म्या किमतीत, बाकी सर्व जोड 30% कमी.’ सूट छापील एमआरपीवरच द्यायची. कमी किमतीचे स्टिकर लावायचे तर मूळ छापील किंमत झाकू नये.

आता घाई खरी कशी ठरते? दर आठवड्याला सूट वाढवत नेली तर शहाणे गिऱ्हाईक थांबते आणि पहिल्या आठवड्यात विश्वासाने घेतलेले मूर्ख ठरते. आम्ही किंमत एकदाच ठरवली आणि तसे लिहिले: ‘ही किंमत शेवटच्या दिवसापर्यंत हीच. उरलेला माल 1 जूनला लॉटने जाईल.’ हे पाळायची तयारी असेल तरच लिहावे. जीएसटी नोंदणी रद्द करताना शिल्लक मालाच्या खरेदीवर भरलेल्या कराचे घेतलेले क्रेडिट परत भरावे लागते, त्यामुळे नोंदणी रद्द होण्याआधी माल जाणे आमच्याही सोयीचे असते. पाटीवर त्याचा उल्लेख नको, गिऱ्हाइकाला त्याचे काय!

एक माल सेलमध्ये येऊच नये: जुने पीयू सोल. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जाते, मग न घातलेला बूटही काही वर्षांत भुगा होतो. माळ्यावरच्या खोक्यातले जोड बाहेर काढून सोल अंगठ्याने दाबायचा आणि बूट मधोमध वाकवायचा. चिकटपणा, पांढरी भुकटी किंवा बारीक भेगा दिसल्या की बाजूला. असा जोड स्वस्तात गेला तर आठवड्याभरात तो रस्त्यात तुटतो आणि परत आणायला दुकान नसते.

त्यामुळेच ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ आम्ही काढली. सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरले जातात. मापाचा बदल वेगळा, तो 31 मेपर्यंतच शक्य आहे, कारण पुढे दुसरा नंबर द्यायला मालच नाही.

सगळे जोडून फ्लेक्सवर गेले ते असे:

‘दुकान रविवार, 31 मे रोजी रात्री कायमचे बंद होत आहे. गाळ्याचा करार संपतो आहे. जेंट्स 6 व 10 नंबर निम्म्या किमतीत, बाकी सर्व जोड एमआरपीवर 30% कमी. ही किंमत शेवटच्या दिवसापर्यंत हीच. उरलेला माल 1 जूनला लॉटने जाईल. आज कोणत्या नंबरचे किती जोड आहेत ते फळ्यावर पाहा. माप बदलून 31 मेपर्यंत, सदोष जोडाचे पैसे बिल दाखवून 30 जूनपर्यंत परत.’

उद्गारचिन्ह एकही नाही. 31 च्या रात्री फ्लेक्स उतरवायचा, स्टेटस काढायचे आणि शटरवर एक कागद चिकटवायचा: सदोष जोडासाठी कोणाला फोन करायचा, तो नंबर आणि 30 जून ही तारीख. कागदावर पारदर्शक टेप पूर्ण ओढावी, जूनच्या पहिल्या पावसात शाई उतरते.