आधी फोटो कट करा, मग साइज कमी करा (तंबोऱ्याच्या तारेपायी झालेला वैताग)

मी सांगलीत फोटोचं काम करतो, आणि मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या एका चाचांचे तंबोरे ऑनलाइन विकायला लावायचे होते. 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मिळाल्यापासून बाहेरून विचारणा वाढल्यात म्हणून चाचांनी पण ठरवलं. रजिस्ट्रेशन, बँक, जीएसटी वगैरे सगळं बिनबोभाट झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते फक्त एका फोटोवर, बाजूनं काढलेल्या तंबोऱ्याच्या फोटोवर, आणि त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

त्या साइटला पूर्ण पांढरा बॅकग्राउंड लागतो. समोरून काढलेला फोटो पटकन पास झाला कारण समोरून बघितलं तर तारा दांडीवर आणि तबलीवरच दिसतात, मागे भिंत येतच नाही. पण बाजूनं काढला की घोडीपासून वर जाणाऱ्या तारा आणि लाकूड यांच्यामधे मोकळी फट राहते आणि त्या फटीतून मागचं सगळं दिसतं. चाचांच्या कारखान्याची भिंत हिरवी. म्हणजे चार तारा आणि त्यांच्यामागे हिरवा रंग, हे सगळं कट करायचं.

साइटच्या सूचनांमधे पायऱ्या लिहिलेल्या होत्या, पहिली पायरी साइज 1000 पिक्सेल करा, दुसरी पायरी बॅकग्राउंड काढा. त्याप्रमाणे करून पाठवला की "कडा स्वच्छ नाहीत" म्हणून रिजेक्ट. हेल्पलाइनला फोन केला तर तिकडून तेच, "सर, आधी साइज कमी करा, मग कट करा, फाइल हलकी होते." अहो फाइल हलकी होते हे खरंय, पण कडेचं वाटोळं होतं त्याचं काय!

आता ते वाटोळं का होतं ते नीट सांगतो, कारण हे कुठल्याच सूचनेत लिहिलेलं नसतं. माझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, फोटो 6000 बाय 4000. तंबोरा साधारण 1400 मिलिमीटर लांब, तो फोटोत आडवा 5600 पिक्सेलमधे बसलेला, म्हणजे एका मिलिमीटरला 4 पिक्सेल. तार धरा 0.3 मिलिमीटरची. म्हणजे मूळ मोठ्या फोटोतसुद्धा तार जेमतेम 1.2 पिक्सेल जाड आहे. तोच फोटो 1000 वर आणला की सगळं सहापट लहान, तार उरते 0.2 पिक्सेल. पिक्सेल तर अर्धा करता येत नाही, मग फोटोशॉप काय करतं, त्या एका पिक्सेलमधे 20 टक्के तारेचा रंग आणि 80 टक्के भिंतीचा हिरवा मिसळून टाकतं. आता सांगा, यातून तार कट कशी करायची? सिलेक्शनला ती दिसतच नाही, मधेच तुटते, आणि जिथं सापडते तिथं ती हिरवी असते. भोपळ्याच्या कडेला पण हेच, लाकूड आणि भिंत एकमेकांत मिसळलेली एक पट्टी तयार होते, ती ठेवली तर हिरवी झालर आणि कापली तर गोलाई खडबडीत. त्यात साइज कमी करताना Bicubic Sharper सारखी पद्धत वापरली असेल तर कडेच्या बाहेरून एक उजळ रेघ येते, ती पण कटमधे सापडते.

म्हणून मी उलटं केलं. मोठ्या फोटोवरच कट केला. भोपळा आणि दांडी पेन टूलनं, तारांसाठी सरळ पाथ काढून त्याला दोन पिक्सेलचा स्ट्रोक मास्कमधे दिला. मोठ्यावर कट करण्याचा दुसरा फायदा म्हणजे हात दोन पिक्सेल इकडेतिकडे हलला तरी लहान केल्यावर ती चूक एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाएवढी राहते, डोळ्याला दिसत नाही. कड आपोआप मऊ आणि गुळगुळीत होते, वेगळं फेदर द्यावं लागत नाही. (फेदरचा आकडा पिक्सेलमधे असतो हे ध्यानात ठेवा, 6000 वर दिलेला 1 पिक्सेल फेदर 1000 वर गायब होतो, आणि 1000 वर दिलेला 2 पिक्सेल म्हणजे फोटो धुरकट.)

तारा आता अखंड आल्या, पण गंमत बघा, साइज कमी केल्यावर त्यांच्यावर हलका हिरवा अजून होताच. हे शोधायला सगळ्यात जास्त वेळ गेला. कारण असं की लेयरला मास्क लावून ठेवला आणि तसंच Image Size केलं तर फोटो वेगळा लहान होतो आणि मास्क वेगळा. मास्कखाली भिंत अजून तशीच लपलेली असते, आणि लहान होताना तिचा हिरवा तारेत पुन्हा मिसळतो. यावर उपाय म्हणजे मोठ्या साइजमधेच खाली पांढरा लेयर टाकायचा, Flatten Image करायचं आणि मग साइज कमी करायची. मग तारेत मिसळायला पांढराच असतो. त्याआधी तारांच्या कडेला मोठ्या फोटोत हिरवा लागलेला असतो तो तिथंच तारांवरचं सॅच्युरेशन कमी करून घालवला. पितळेच्या तारेला मात्र हे करू नका, तिचा पिवळा जातो, तिथं तिचाच रंग उचलून भरला.

बरोबर झालंय का हे पांढऱ्यावर कळत नाही. फ्लॅटन करायच्या आधी खाली थोडा वेळ गडद लाल लेयर टाका आणि 100 टक्क्यावर बघा, उरलेली भिंत लगेच दिसते.

तरी 1000 वर तारा अगदी फिक्या. चाचा म्हणाले, "तारा जरा जाड काढ की." मी नाही म्हणालो, तंबोरा घेणारा माणूस तारेकडं बघूनच घेतो, त्याला खोटी तार दाखवायची नाही. मोठ्या फोटोत बर्न टूलनं तारा थोड्या गडद केल्या फक्त. आणि मग साइटच्या सूचना परत सगळ्या वाचल्या तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, लांब बाजू "किमान" 1000. किमान! म्हणजे जास्त चालतंय, आणि हेल्पलाइनवाला आम्हाला हजारावर आणा म्हणून सांगत बसला होता. लगेच 2000 वर केला, तार 0.4 पिक्सेल झाली, दिसायला लागली, आणि फोटो पास झाला. चाचांनी खुंट्या पिळतापिळता नुसती मान हलवली, मला मात्र खूप बरं वाटलं.

शार्पन सगळ्यात शेवटी, साइज कमी झाल्यावरच करा, आधी केलं तर कडेला पांढरी रेघ येते. आणि मोठी कट केलेली फाइल मास्कसकट वेगळ्या नावानं जपून ठेवा, दुसऱ्या साइटला वेगळी साइज लागली की तिथूनच काढायची, 2000 वालीतून नाही.

उलटी केस फ्लेक्सवाल्यांची. व्हॉट्सॲपवर आलेला बारका फोटो मोठा करायचा असेल तर आधी मोठा करा आणि मग कट करा. बारक्यावर कट करून चारपट मोठा केला तर कडेची एक पिक्सेलची अर्धवट पट्टी चार पिक्सेलची होते, माणसाभोवती धुकं आल्यासारखी. मात्र मोठा केलेला फोटो आतून मऊच असतो, त्यामुळं कड ब्लेडनं कापल्यासारखी ठेवू नका, एखादा पिक्सेल फेदर द्या, नाहीतर चिकटवलेलं चित्र वाटतं.