आमची वाटचाल: अडीच सूत की आठ एमएम?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं नट-बोल्टचं दुकान आहे. आप्पांनी ते सुरू केलं तेव्हा चार रॅक होती आणि कुठल्या खणात काय आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. माल वाढत साडेसहाशे प्रकारांवर गेला, दुकानात दोन मुलं कामाला आली आणि आप्पांच्या डोक्यातलं ते ज्ञान कागदावर उतरवायची वेळ आली. ती वेळ एका चुकीनं आणली.

गोकुळ शिरगावच्या एका वर्कशॉपनं 8 एमएमचे, 25 लांबीचे 200 हेक्स बोल्ट मागवले होते. मुलानं खण उघडला, मोजून दिले, बिल झालं. दुपारी त्यांच्या फिटरचा फोन आला. "दादा, नट दोन-तीन आटे जातोय आणि अडकतोय. पान्यानं दाबला तर आटेच गेले."

आम्ही दिले होते अडीच सुताचे, एक इंची बोल्ट. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे अडीच सूत म्हणजे 5/16 इंच, 7.94 मिलिमीटर. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर एकाचं 13, दुसऱ्याचं सव्वातेराच्या आसपास. हातात घेऊन कुणालाही फरक कळणार नाही. फरक फक्त आट्यांमध्ये आहे. 8 एमएमच्या साध्या बोल्टला दोन आट्यांमधलं अंतर 1.25 मिलिमीटर असतं. अडीच सुताच्या बीएसडब्ल्यू, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची आट्यांच्या बोल्टला इंचात 18 आटे, म्हणजे अंतर साधारण 1.41. म्हणून नट सुरुवातीला जातो आणि मग जाम होतो. आट्यांमधलं अंतर तपासायचा पिच गेज लावला की दहा सेकंदांत कळतं, पण काउंटरवर गर्दी असताना गेज कोण काढतो?

त्या रात्री आम्ही वही उघडली. एकाच मालाची नावं मोजली: "8x25 बोल्ट", "आठ पंचवीस", "एम8 हेक्स 1 इंची", "अडीच सुती छोटा". चार नावं, आणि ती दोन वेगळ्या वस्तूंना आलटून पालटून लावलेली. बिलावर एचएसएन असतोच, पण लोखंडी बोल्ट, नट, वॉशर सगळ्यांचा तो एकच, 7318. तो करासाठी आहे, माल ओळखायला त्याचा उपयोग नाही. आपला कोड आपणच ठरवायला हवा होता.

पहिला प्रयत्न फसला. मी नुसते आकडे घेतले, 08-12, 0825 असे, आणि एक्सेलमध्ये यादी केली. दुसऱ्या दिवशी उघडली तर 08-12 च्या जागी 8 डिसेंबर ही तारीख, आणि 0825 चा पुढचा शून्य गायब. शिवाय मी कोडमध्ये रॅकचा नंबरही घातला होता. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, एक रॅक हलवला आणि तिथले सगळे कोड खोटे ठरले. तेव्हापासून नियम केला: जे बदलू शकतं ते कोडात घालायचं नाही. जागा नाही, दर नाही, पुरवठादार नाही. वस्तू जन्मभर जी आहे तेवढंच. आणि कोडची सुरुवात अक्षरानं करायची.

आत्ताचा कोड आठ खुणांचा आहे:

```
HM08025Z   हेक्स, एमएम, 8 जाड, 25 लांब, झिंक
HS25008Z   हेक्स, सूत, अडीच जाड, 8 सूत लांब, झिंक
```

पहिलं अक्षर प्रकार सांगतं, दुसरं मापाची पद्धत, मग जाडीचे दोन आकडे, लांबीचे तीन, आणि शेवटी ग्रेड व फिनिश मिळून एक अक्षर. लांबीला तीन जागा यासाठी की 100 लांबीचा बोल्टही त्याच साच्यात बसावा. सगळे कोड सारख्याच लांबीचे असले की एखादा आकडा सुटला तर डोळ्यालाच खटकतं. O आणि I ही अक्षरं आम्ही कुठेच वापरत नाही, शून्य आणि एकशी घोळ होतो. सुतासाठी आधी W ठेवलं होतं. पण ट्रे उलटा ठेवला की M चा W दिसतो, आणि आमचा सगळा घोळ नेमका त्या दोनांतच होता. म्हणून S केलं.

टॅलीत जुनं नाव तसंच ठेवलं आणि कोड `Alias` मध्ये घातला. एका मालाला एकापेक्षा जास्त `Alias` देता येतात, त्यामुळे "अडीच सूत 1 इंच" हे गिऱ्हाइकाच्या तोंडचं नावही तिथेच आहे. आप्पा आजही सुतातच बोलतात आणि बिलावर बरोबर वस्तूच येते.

नुसता कोड टाइप करून भागलं नाही. 025 च्या जागी 035 पडलं तर तोही खरा कोड असतो, कॉम्प्युटर हरकत घेत नाही. म्हणून बारकोड लावले, कोड 128 पद्धतीचे, कारण त्यात अक्षरं आणि आकडे दोन्ही बसतात. स्कॅनर कीबोर्डसारखाच चालतो, कोड टाइप करून एंटर मारतो. 890 नं सुरू होणारे बारकोड नंबर आम्ही घेतले नाहीत. माल दुसऱ्यांच्या दुकानांत पाकिटानं विकणाऱ्यांना ते लागतात, आम्हाला आपल्या काउंटरपुरतंच हवं होतं.

बोल्टवर लेबल चिकटत नाही, तेलकट असतो. लेबल खणाला आणि पाकिटाला. सुरुवातीची कागदी थर्मल लेबलं तेलाच्या हातानं आणि उन्हानं काळी-पांढरी होऊन गेली. आता शाईच्या रिबननं छापलेली प्लास्टिकची लेबलं, 50 बाय 25 मिलिमीटरची. कोड मोठ्या अक्षरांत, खाली मराठीत नाव, आणि कोपऱ्यात एक नमुना बोल्ट तारेनं बांधलेला. ही तारेची कल्पना दुकानातल्या मुलाची. मला ती सगळ्यात आवडते, कारण वाचायच्या आधी हात खात्री करतो.

मोजणी आता काट्यावर होते. 8 एमएम, 25 लांबीचे 100 नग साधारण 1 किलो 400 ग्रॅम भरतात. प्रत्येक कोडसमोर 100 नगांचं वजन लिहिलेलं आहे, त्यावरून काटा नग दाखवतो. दहाच नगांवरून वजन धरलं की चूक वाढत जाते, म्हणून शंभरच. कंपनी बदलली की वजन थोडं बदलतं, तेव्हा नव्या लॉटचे शंभर पुन्हा मोजून घ्यायचे. हे विसरलं की हजारात पंधरा-वीस नगांचा फरक येतो आणि चोरी झाली की काय असं उगाच वाटतं. पूर्वी दिवाळीच्या आधीच्या मोजणीला चार दिवस दुकान अर्धं बंद असायचं. आता रोज एक रॅक, संध्याकाळी अर्ध्या तासात.

एक भोक अजून आहे. गिऱ्हाईक उरलेले बोल्ट कागदात गुंडाळून परत आणतं, लेबल नसलेले. ते थेट खणात जात होते आणि एका मुठीनं अख्खा खण बिघडत होता. आता काउंटरखाली एक लाल डबा आहे. परत आलेला माल त्यात पडतो, आणि शनिवारी संध्याकाळी आप्पा चष्मा लावून, पिच गेज घेऊन त्याच्यासमोर बसतात.